राजीनामा तिथं 'मंजूर' होत नाही, पोहोचतो

प्रश्न: शिरोलीच्या एका फाउंड्री ग्रुपची जर्मनीत जीएमबीएच, म्हणजे तिथली प्रायव्हेट लिमिटेड कंपनी आहे, तिथं जुलै 2022 पासून डिझाइन इंजिनिअर आहे. करार थेट जीएमबीएचशी झालाय, नोटीस 'तीन महिने, महिनाअखेर'. जानेवारी 2027 च्या शेवटी धाकट्या बहिणीचं लग्न आहे, त्याआधी कायमचं कोल्हापूरला यायचंय. राजीनामा इंग्रजीत देणार. आप्पांना आणि आईला इंग्रजी येत नाही, त्यांच्यासाठी मराठीत सारांश हवाय. माझ्या मसुद्यातलं मुख्य वाक्य खाली आहे. पीडीएफ करून एचआरला मेल केली की झालं ना?

```
I request you to kindly accept my resignation
and relieve me at the earliest.
```

उत्तर:

मेल केलीत तर कायद्याच्या नजरेत काहीच घडलेलं नसेल. जर्मन नागरी कायद्याचं कलम 623 सांगतं की नोकरीचा करार संपवायचा तर तो लेखीच संपवायचा, आणि त्याच कलमात इलेक्ट्रॉनिक स्वरूप स्पष्टपणे वगळलंय. म्हणजे मेल चालत नाही, पीडीएफ चालत नाही, व्हॉट्सॲपवर टाकलेला फोटो चालत नाही, स्क्रीनवर बोटानं केलेली सहीही चालत नाही. कागद हवा, त्यावर पेनानं केलेली पूर्ण सही हवी आणि तोच कागद कंपनीच्या हातात पडायला हवा. नुसती आद्याक्षरं खरडू नका, पासपोर्टवर आहे तशी सही करा.

इथंच एक नेहमीची फसगत होते. गणपतीला गावी आलेला माणूस इथूनच स्कॅन पाठवतो, तिकडचा मित्र त्याची प्रिंट काढून ऑफिसात नेऊन देतो. त्या कागदावर सही दिसते, पण ती छापलेली असते. कोल्हापुरातून द्यायचंच झालं तर सही केलेला मूळ कागद कुरिअरनं मित्राकडे पाठवा आणि त्याला तो हातोहात द्यायला सांगा.

आता तुमचं वाक्य. आपल्याकडे राजीनामा 'सादर' करतात, साहेब तो 'मंजूर' करतात आणि मग माणूस 'रिलीव्ह' होतो. शिरोलीत, गोकुळ शिरगावात, कागलला सगळीकडे हीच भाषा आहे आणि इंग्रजी पत्रातही तीच उतरते. जर्मनीत कर्मचाऱ्याची नोटीस ही विनंती नसते. ते एकतर्फी सांगणं असतं: अमुक तारखेला मी करार संपवतोय. ते समोरच्याला पोहोचलं की लागू होतं. कुणी 'हो' म्हणावं लागत नाही, आणि 'नाही' म्हणायची सोयही कुणाला नाही.

म्हणून 'कृपया स्वीकारावा आणि लवकरात लवकर मोकळं करावं' हे वाक्य नुसतं जास्तीचं नाही, घातक आहे. ते वाचून कंपनीचा वकील म्हणू शकतो की हा माणूस करार संपवत नाहीये, आपसांत ठरवून लवकर सोडा असा प्रस्ताव देतोय. असा प्रस्ताव दोन्ही बाजूंनी कागदावर सही केल्याशिवाय पुरा होत नाही. कंपनी गप्प बसली तर तुमची नोटीस सुरू झाली की नाही यावरच वाद होईल, आणि तो वाद तुम्हाला नोव्हेंबरात कळेल. इकडे तोवर लग्नाचा हॉल बुक झालेला असेल.

पत्र एवढंच पुरे:

```
__________, 21 September 2026

To the Managing Director
__________ GmbH, __________

Notice of termination of employment

Dear Ms __________,

I hereby terminate my employment contract dated
__________ with effect from the end of
31 December 2026, or alternatively on the next
possible date.

Hiermit kündige ich meinen Arbeitsvertrag zum
31.12.2026, hilfsweise zum nächstmöglichen Termin.

Please confirm receipt of this letter and the end
date in writing, and issue a qualified reference.
I would like to take my remaining leave before
that date.

Yours sincerely,
```

नोटीस जर्मन भाषेतच द्यायला हवी असं बंधन नाही. कंपनीत कामकाज इंग्रजीत चालत असेल तर इंग्रजी पत्र चालतं. तरीही मधे एक जर्मन ओळ घातलीय, कारण पगाराचा हिशोब बऱ्याचदा बाहेरच्या कर सल्लागाराकडे असतो आणि तिथल्या टेबलावर बसलेल्या माणसाला ती एक ओळ पुरते.

'किंवा त्यानंतरच्या जवळच्या तारखेला' अशा अर्थाचा जो तुकडा आहे तो काढू नका. तुमचा तारखेचा हिशोब चुकला, तर पत्र वाया गेलं का हा वाद उरत नाही, नोकरी पुढच्या कायदेशीर तारखेला संपते. कारण लिहायची गरज नाही. वडिलांची तब्येत, घरची जबाबदारी, बहिणीचं लग्न, यातलं काहीही पत्रात नको. तोंडी विचारलं तर जरूर सांगा. तक्रारी तर अजिबात नकोत, कारण ज्याच्याविषयी तक्रार कराल त्यालाच पुढे तुमचं प्रशस्तिपत्र लिहायचं असतं.

तारीख कशी धरायची

नोटीस पत्रावरच्या तारखेपासून मोजत नाहीत, पत्र पोहोचल्यापासून मोजतात. 'तीन महिने, महिनाअखेर' याचा अर्थ पत्र पोहोचल्यावर पुरे तीन महिने जायला हवेत आणि नोकरी महिन्याच्या शेवटच्या दिवशी संपायला हवी. 31 डिसेंबर 2026 ला सुटायचं तर पत्र 30 सप्टेंबरपर्यंत पोहोचायला हवं. तो बुधवार आहे. पत्र 1 ऑक्टोबरला पोहोचलं तर तुमची नोकरी 31 जानेवारी 2027 ला संपेल, म्हणजे एका दिवसाच्या उशिराला एक महिना. लग्नाच्या आठवड्यात तुम्ही तिकडचे नोकर असाल.

शेवटचा दिवस गाठायला जाऊ नका. 30 तारखेला संध्याकाळी सात वाजता ऑफिस बंद झाल्यावर पेटीत टाकलेलं पत्र दुसऱ्या दिवशी पोहोचलं असं धरलं जातं. शेवटचा दिवस सुट्टीचा आला तरी मुदत पुढे सरकत नाही. मसुद्यात मी 21 सप्टेंबर हा सोमवार धरलाय, त्यामुळे हाताशी आठवडाभर राहतो.

कायद्याची किमान मुदत यापेक्षा कमी आहे: चार आठवडे, महिन्याच्या 15 तारखेला किंवा महिनाअखेरीला. पण करारात जास्त लिहिलं असेल आणि तुमची मुदत कंपनीला पाळाव्या लागणाऱ्या मुदतीपेक्षा मोठी नसेल तर करारातलीच चालते. म्हणून गूगलवरचे चार आठवडे धरू नका, सही केलेला करार काढून बघा. नंतर एखादी दुरुस्ती किंवा पगारवाढीचं पत्र आलं असेल तर तेही वाचा, मुदत तिथं बदललेली असू शकते.

कुणाला द्यायचं

तुमचा मालक जीएमबीएच आहे, शिरोलीचं हेड ऑफिस नाही. एकाच ग्रुपचे असले, मालक एकाच घरातले असले, तरी कायद्याने ती वेगळी व्यक्ती आहे. शिरोलीत मोठ्या साहेबांना केलेला फोन किंवा मेल नोटीस ठरत नाही. पत्रावर जीएमबीएचचा तिथला पत्ता आणि तिथल्या संचालकांचं, म्हणजे गेशेफ्ट्सफ्युररचं नाव हवं. शिरोलीला दोन ओळींची सौजन्याची मेल करा, पण पोच मिळाल्यानंतर.

तुमच्यासारखा थेट करार नसून कुणी इथून डेप्युटेशनवर गेला असेल तर त्याचं गणित वेगळं. त्याचे दोन करार असू शकतात. तिकडचा संपवला म्हणून इकडचा संपत नाही, इकडचा संपवला म्हणून तिकडचा आपोआप सुटत नाही. दोन्हीकडे वेगळी पत्रं द्यावी लागतात आणि दोन्हींच्या मुदती वेगळ्या असतात.

पोचीसाठी सर्वांत साधी रीत हीच: पत्राच्या दोन प्रती काढा, दोन्हींवर सही करा. एक हातात द्या, दुसरीवर 'मिळालं', तारीख आणि सही घ्या. पोच द्यायला टाळाटाळ झाली तर घाबरू नका. पत्र दुसऱ्या सहकाऱ्यासमोर द्या. पाकिटात घालण्याआधी तो कागद त्यानं स्वतः वाचलेला असला पाहिजे, नाहीतर उद्या 'पाकीट मिळालं, आत काय होतं माहीत नाही' असं ऐकावं लागतं. रजिस्टर पोस्टानं पाठवणार असाल तर घेणाऱ्याची सही लागणारा प्रकार टाळा. ऑफिसात कुणी नसेल तर पोस्टमन चिठ्ठी ठेवून जातो आणि पत्र सोडवून नेईपर्यंत ते पोहोचलेलं नसतं. पेटीत टाकून नोंद करणारा प्रकार घ्या, आणि वाटपाच्या नोंदीची प्रत पोस्टाकडून मागून ठेवा. टपालाची पावती आणि वेबसाइटवरचं 'डिलिव्हर्ड' एवढ्यावर तिथली कोर्टं समाधान मानत नाहीत.

एकदा पोहोचलं की ते मागे घेता येत नाही. कंपनी तयार झाली तरच पुन्हा जमेल. घरच्यांना हे आधी समजलं पाहिजे, आणि मराठी सारांशाचं खरं काम तेच आहे.

रजा आणि शेवटचा दिवस

घरी 'कधी येतोस' विचारतील तेव्हा दोन तारखा वेगळ्या सांगाव्या लागतील. समजा तुमची 11 दिवस रजा शिल्लक आहे. 31 डिसेंबर गुरुवारी आहे. तिथून मागे कामाचे दिवस मोजा. शनिवार-रविवार आणि 25 डिसेंबरची सुट्टी सोडा. 24 आणि 31 डिसेंबर या कायद्याने सार्वजनिक सुट्ट्या नाहीत, त्यामुळे कंपनी वेगळं काही देत नसेल तर ते दिवस रजेतच धरा. अकरावा दिवस 16 डिसेंबरला येतो. म्हणजे कामाचा शेवटचा दिवस मंगळवार, 15 डिसेंबर. लॅपटॉप, ओळखपत्र आणि चाव्या त्या दिवशी परत करायच्या, पगार मात्र 31 पर्यंत. पण रजा कंपनीनं मंजूर करावी लागते. हो, ही मात्र खरोखर मंजूर करावी लागते. म्हणून विमानाचं तिकीट रजेचं लेखी उत्तर आल्यावरच काढा. कामामुळे रजा देता आली नाही तर उरलेल्या दिवसांचे पैसे मिळतात.

भाड्याचं घर सोडायलाही कागदच लागतो. साधारण तीन महिन्यांची मुदत असते आणि महिन्याच्या तिसऱ्या कामाच्या दिवसापर्यंत पत्र पोहोचलं तर तो महिना धरला जातो. 31 डिसेंबरला घर सोडायचं तर ऑक्टोबरचा तिसरा कामाचा दिवस तुमची हद्द. करारावर दोघांची नावं असतील तर पत्रावर दोघांच्या सह्या हव्यात. ब्लू कार्ड या तिथल्या राहण्या-कामाच्या परवान्यावर असाल तर नोकरी संपल्याचं परदेशी नागरिक कार्यालयाला दोन आठवड्यांत कळवणं तुमच्यावर बंधनकारक आहे. पोच मिळाली की त्याच आठवड्यात मेल करून टाका, तिथं मेल चालते.

कोल्हापुरातली पुढची कंपनी 'रिलीव्हिंग लेटर' मागेल. तसा कागद तिकडे नसतो, त्याच्या जागी प्रशस्तिपत्र असतं. ते मागण्याचा हक्क आहे, म्हणून पत्रात ती ओळ आहे. इंग्रजी प्रत मिळाली तर उत्तम, पण ती द्यायला कंपनी बांधील नाही. आणि वाचताना सावध: त्या भाषेत 'आमच्या समाधानास उतरेल असं काम केलं' एवढंच लिहिलं तर तो काठावरचा पास समजतात. चांगल्या माणसाच्या पत्रात 'नेहमी' आणि 'संपूर्ण' हे दोन्ही शब्द असतात.

घरच्यांसाठी मराठी

इंग्रजी पत्राचं भाषांतर करू नका. 'मी याद्वारे माझा रोजगार करार संपुष्टात आणत आहे' हे वाचून आई घाबरेल आणि आप्पांना काहीच कळणार नाही. त्या पत्रात कंपनीला हवी ती माहिती आहे. घरच्यांना चार गोष्टी हव्या असतात: झालं की व्हायचंय, कधी येणार, पैशाचं काय, आणि पावण्या-रावळ्यांना काय सांगायचं.

'राजीनामा दिला' हे शब्द शक्यतो टाळा. ते ऐकलं की काका म्हणणार, 'अजून मंजूर नाही न्हवं? मग परत घे की.' त्याऐवजी 'नोकरी सोडल्याची नोटीस दिली' म्हणा.

पैशाबाबत दोन गैरसमज हमखास होतात. एक, डिसेंबरचा बोनस. करारात 'नोटीस दिलेल्याला नाही' किंवा 'अमुक तारखेपर्यंत राहिला नाही तर परत' अशी अट असू शकते. ती वाचून खात्री होईपर्यंत घरी तो आकडा सांगू नका. दुसरा, पीएफ. तिकडे पेन्शन विम्याचे पैसे कापतात, पण ते तुमच्या नावावर साठलेलं खातं नव्हे. जुलै 2022 ते डिसेंबर 2026 हे 54 महिने होतात. 60 महिन्यांच्या आत असाल तर युरोपीय संघाबाहेर राहायला गेल्यावर 24 महिन्यांनी तुमचा स्वतःचा वाटा परत मागता येतो. कंपनीचा वाटा मिळत नाही, आणि पैसे घेतले की त्या वर्षांवरचा पेन्शनचा हक्क संपतो. म्हणजे जानेवारी 2029 च्या आधी अर्जच करता येणार नाही, आणि आप्पांनी तो पैसा लग्नाच्या हिशोबात धरता कामा नये.

सारांश असा लिहा, तपशील तुमचे घाला:

> आप्पा, आई,
>
> इथली नोकरी सोडल्याची नोटीस मी 21 सप्टेंबरला दिली आणि कंपनीची सही-शिक्क्याची पोच माझ्याकडे आहे. इथल्या कायद्यानं नोटीस पोहोचली की झालं, मंजूर व्हायची वाट बघायची नसते आणि ती परतही घेता येत नाही. कुणाचं भांडण झालं नाही, कुणी काढलं नाही, मी ठरवून सोडतोय.
>
> नोकरी 31 डिसेंबरपर्यंत आहे, पगारही तोवरच. रजा मिळाली तर 15 डिसेंबरनंतर ऑफिसला जायचं नाही. तिकीट काढलं की तारीख कळवतो, तोवर कुणाला नक्की दिवस सांगू नका. लग्नाच्या आधी मी घरी असणार.
>
> आप्पा, पैशाचं असं आहे: शेवटचा पगार डिसेंबरचा. घराचे पुढचे सहा हप्ते मी बाजूला काढून ठेवलेत, तुम्ही त्यात हात घालायची गरज नाही. बोनस मिळेलच असं धरू नका. इथं पीएफ नसतो. पेन्शनचे थोडे पैसे परत मिळू शकतात, पण 2029 च्या आधी नाही.
>
> कोल्हापुरातली नोकरी अजून पक्की झालेली नाही. बोलणी चालू आहेत. कुणी विचारलं तर 'डिसेंबरअखेर येतोय, पुढचं आल्यावर' एवढंच सांगा.
>
> आई, थंडीचे कपडे पाठवू नकोस, आता परत आणायचेच आहेत.

यातली 'नोकरी अजून पक्की नाही' ही ओळ गाळायचा मोह होईल. गाळू नका. शिरोलीच्या साहेबांनी 'ये की, बघू' म्हटलं असेल, तर ते ऑफर लेटर नाही. आणि हे शब्द घरातून बाहेर पडले की दोन दिवसांत राजारामपुरीतल्या प्रत्येक ओळखीच्या घरात 'पोराला शिरोलीत घेतला' असं होऊन बसतं.

क्रमही सांभाळा. आधी पोच, मग घरी सारांश, मग शिरोलीला मेल. उलटं केलंत तर उद्योगाचं वर्तुळ इथं इतकं लहान आहे की एमआयडीसीतल्या चहाच्या टपरीवरून बातमी तुमच्या पत्राआधी जर्मनीत पोहोचेल. सारांश आप्पांना फोनवर वाचून दाखवा आणि नंतर कागदावर द्या. फॅमिली ग्रुपवर टाकू नका, त्यात हप्त्यांचा हिशोब आहे.